नाव सुचवा, पण अटी वाचून

दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यावर दसऱ्याला एक खानावळ सुरू झाली. तिला अजून नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर 'घरगुती जेवण मिळेल' एवढंच रंगवलेलं आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी घरच्या धाकट्या सुनेच्या नावावर झाली, त्यामुळे कायद्याचं काही अडलं नाही. अडतं ते फोनवर. पुण्याहून निघालेली मंडळी विचारतात, नक्की कुठं थांबायचं? मग घरातलं कुणीतरी निळं फाटक, चिंचेचं झाड, पुढचं वळण असं सगळं सांगत बसतं. तोवर गाडी फाटक ओलांडून बंदरावर पोचलेली असते.

नाव ठेवायला उशीर झाला त्याचं कारण घरगुती आहे. फ्रीजर आणि मोठ्या शेगडीचे पैसे न्यू जर्सीच्या मोठ्या भाऊजींनी पाठवले. मागच्या पडवीवर पत्रे चढले ते दुबईच्या चुलत दिरांच्या मदतीने. लेस्टरच्या आत्यांनी पैसे दिले नाहीत, पण सोलकढीचं आणि तिसऱ्यांच्या सुक्याचं प्रमाण त्यांचं आहे, आणि ते पैशापेक्षा जड आहे. तेव्हा यांना न विचारता बारसं करण्याची इथं कुणाची छाती नव्हती.

पहिलं पत्र थोरल्या मुलाने चार ओळींत लिहिलं: खानावळ सुरू केली आहे, छानसं नाव सुचवा. उत्तरं भरभरून आली. माजघर, ओसरी, चूल, परसदार, आजीचा हात. परदेशात पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाला खानावळीचं नाव विचारलं की तो आपण सोडून गेलेल्या घराचं नाव सांगतो. त्यात प्रेम असतं, पण अशी नावं पुण्यापासून कुडाळपर्यंत इतकी झाली आहेत की त्यांतलं कुठलं कुठं होतं हे जेवून आलेल्यालाही आठवत नाही. शिवाय हर्णैच्या माणसाला माजघराचं काय अप्रूप? त्याच्याकडे ते आहेच.

जुन्या खानावळवाल्यांना हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडे. बाहेर खाणं हेच संशयाचं होतं, तेव्हा पाटीला आधी तो संशय फेडावा लागे. दादरला मामा काण्यांनी १९१० च्या सुमारास दुकान थाटलं आणि पाटीवर सरळ 'स्वच्छ उपाहारगृह' लिहिलं. गिरगावात विनय हेल्थ होम, दादरलाच तांब्यांचं आरोग्य भुवन; पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरची 'वैशाली'सुद्धा आधी मद्रास हेल्थ होम होती. इडलीचा आणि आरोग्याचा संबंध काय, असं आज वाटेल. पण 'इथं खाऊन पोट बिघडणार नाही' हीच तेव्हाची जाहिरात होती. आणि एकदा नाव रुळलं की ते सोडवत नाही. नारायण पेठेत मिसळीसाठी रांग लावणारे आजही ज्या दाराशी उभे असतात, तिथली पाटी 'बेडेकर टी स्टॉल' अशीच आहे.

हे सगळं धाकट्या सुनेच्या ध्यानात होतं असं नाही. ती गल्ल्यावर बसते आणि फोन घेते, त्यामुळे नाव कुठं कुठं वापरलं जाईल हे तिला नेमकं ठाऊक होतं. दुसरं पत्र तिने लिहिलं. मला ते वाचायला दिलं, आणि नावं वगळण्याच्या अटीवर छापायलाही.

"ती. आत्या, ती. मोठे भाऊजी आणि जाऊबाई यांना शिरसाष्टांग नमस्कार. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची सगळी नावं मिळाली. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचून घेतली आणि 'चूल' ऐकून म्हणाल्या, ती सोडवायला तर गॅस आणला. तेव्हा आता जरा वेगळं मागते.

आपल्याकडे दोन पंगती असतात. मासे खाणारे तर येतातच, पण त्यांच्याबरोबर एखादी आजी किंवा वार पाळणारी काकू असते. तिच्यासाठी आपण वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यांत वालाची उसळ आणि मोदक करतो. नावात सुरमई, कोळंबी, म्हावरं आलं की ती गाडीतून उतरत नाही, आणि ती उतरली नाही की उरलेले पाचही जण पुढं जातात. म्हणून मासा नको. उलट नुसतं सोवळं नावही नको, नाहीतर बंदरावरून येणारे फिरकायचे नाहीत.

नाव रिक्षावाल्याला एका दमात सांगता यावं. तीन-चार अक्षरांच्या पुढं गेलं की लोक आपणच ते तोडतात, आणि तोडलेलं आपल्याला आवडेलच असं नाही.

आता तुमच्याकडचं काम. इथं आम्ही सगळे मराठी वाचतो, त्यामुळे आम्हाला कळत नाही. तुमच्या नातवंडांना नाव फक्त ऐकवा, दाखवू नका, आणि इंग्रजीत लिहायला सांगा. तिघांनी तीन तऱ्हांनी लिहिलं तर ते नाव कळवू नका. लोक आम्हाला फोनवरच्या नकाशात शोधतात आणि तिथं इंग्रजी अक्षरं टाकतात.

भाऊजींचं नाव ठेवावं असं त्यांनी लिहिलेलं नाही, पण मामंजींचं ठेवावं असं तिघांनी लिहिलं आहे. त्याबद्दल फोनवर बोलू.

दिवाळीची गर्दी ओसरली की रंगारी येणार आहे. तोपर्यंत कळवावं. आपली,"

परदेशातल्या माणसाला जे खरंच येतं ते या पत्राने मागितलं. नातवंडांच्या कसोटीत 'ओसरी' पहिल्या फटक्यात गळालं: एकाने Osri लिहिलं, दुसरीने Osari, तिसऱ्याने Ausri. 'वळचण' हे नाव मला फार आवडलं होतं. त्यातल्या 'ळ'ने लेस्टरमध्ये धुमाकूळ घातला.

मामंजींच्या नावाचा प्रश्न फोनवर मिटला, पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घराण्याचं किंवा आजोबांचं नाव सगळ्यांत सुरक्षित, असं वाटतं. व्यापारचिन्हाच्या दृष्टीने ते बरंच कच्चं आहे. १९९९ च्या कायद्याच्या ३५व्या कलमानुसार कुणी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव धंद्याला वापरत असेल, तर नोंदणी असलेल्यालाही त्याला अडवता येत नाही. उद्या खेडच्या चुलत भावाने तेच आडनाव लावून खानावळ काढली तर इथल्या सुनेला तक्रार करायला फारशी जागा उरणार नाही. आणि भावकीत अशी तक्रार करायची म्हणजे काय, ते कोकणात सांगायला नको.

दुबईहून 'सुवर्णदुर्ग' आलं. साहजिकच, खानावळीच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. पण ज्याला तो दिसतो त्या प्रत्येकाला हेच सुचतं, आणि नुसत्या ठिकाणाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगणं अवघड असतं. त्याच कायद्याचं नववं कलम माल किंवा सेवा कुठली, कशी हे नुसतं सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी सहसा नाकारतं. न्यू जर्सीच्या पुतण्याचं 'कोकण किचन' याच कलमात अडकतं. 'सुवर्णदुर्ग'ला आणखी एक अडचण होती, ती धाकट्या दिराने काढली. त्याला पुढंमागं बिअरचा परवाना घ्यायचा आहे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली; तेव्हापासून जिथं मद्य विकलं वा दिलं जातं त्या जागेला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्याचं नाव लावता येत नाही. सासूबाईंना ना बिअर मंजूर आहे ना किल्ल्याचं नाव सोडणं, पण दोन्हींपैकी किल्ला जाणं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. मला हे जरा सूचक वाटलं.

त्याच दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटीचा नियम लागू केला. देवनागरी अक्षरं आधी, आणि ती दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. रंगाऱ्याला हे सांगावं लागतं. पर्यटकांसाठी म्हणून इंग्रजी अक्षरं फुगवायची सवय त्याला लागलेली असते.

इतकी काळजी कशाला, असं मोठे भाऊजी विचारत होते. पुण्याचं उदाहरण त्यांना पटलं. तिथल्या कॅम्प भागात 'बर्गर किंग' नावाचं स्थानिक उपाहारगृह १९९२ पासून चालू आहे. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये त्याच्यावर दावा लावला. भारतातलं तिचं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. पुण्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये कंपनीचा दावा फेटाळला, कारण स्थानिक दुकान हे नाव कंपनी इथं येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होतं. कंपनी अपिलात गेली आणि वाद वरच्या न्यायालयांत पोचला. आधीपासूनचा वापर हा भारतात भक्कम बचाव आहे. पण तो सिद्ध करायला जुनी बिलं, परवाने, जाहिराती लागतात आणि तेरा वर्षं तारखा कराव्या लागतात. फिश थाळीवर चालणाऱ्या घराला ते झेपणारं नाही. म्हणून सुनेने ठरवलं आहे की नाव लागेल त्या दिवसापासूनचं पहिलं बिलबुक, पाटीच्या रंगाऱ्याची पावती आणि पाटीचा फोटो एका पाकिटात ठेवायचा.

नोंदणी खर्चिक नाही. खाद्यसेवेचा वर्ग ४३वा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये. आत्यांच्या मसाल्याच्या पुड्या विकायच्या झाल्या तर मसाल्यांचा ३०वा वर्ग वेगळा आणि त्याचे पैसेही वेगळे. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, आणि तिथं उच्चारावरून शोधायची सोय आहे ती वगळू नये. वेगळ्या स्पेलिंगचं पण कानाला सारखं वाटणारं नाव आधी नोंदलेलं असेल तर हरकत निघते, आणि सरळ अक्षरांच्या शोधात ते दिसत नाही. पुढं नाव राजपत्रासारख्या जर्नलमध्ये छापलं जातं, त्यानंतर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी मिळाली की दहा वर्षं.

सध्या वहीत दोन नावं उरली आहेत. एक मेलबर्नच्या भाचीचं 'सांजवात'. कानाला गोड, पण दुपारच्या जेवणावर चालणाऱ्या जागेला ते शोभेल का, यावर घरात एकमत नाही. माझ्या मते तर शोभत नाहीच. दुसरं लेस्टरहून आलं: 'डोलकाठी'. बंदरात ती सगळ्यांनी पाहिलेली आहे, तिच्यात मासा नाही आणि सोवळंही नाही. आत्यांच्या तिन्ही नातवंडांनी ती एकसारखीच लिहिली, Dolkathi. धाकट्या दिराचं मत असं की बिअरचा परवाना आला की या नावाला आणखी अर्थ येईल. सासूबाईंनी हे ऐकलं नसल्याचं दाखवलं. ४३व्या वर्गात उच्चाराचा शोध शनिवारी घ्यायचा आहे, आणि रंगारी सोमवारी येतोय.