अनुस्वार कुठे हरवतो?

जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो काढावा, फोनला मजकूर ओळखायला सांगावा, आणि ‘रंग’चा ‘रग’, ‘खाणे’चं ‘रवाणे’ होऊन यावं. मग आपण म्हणतो, यांना मराठी जमतच नाही. माझं मत वेगळं आहे. बहुतेक वेळा चूक फोटोतच झालेली असते.

साधा हिशेब करू. पान 22 सेंटिमीटर उंच, अक्षराची उंची सुमारे अडीच मिलिमीटर आणि अनुस्वाराचा ठिपका अर्धा मिलिमीटर. 12 मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू 4000 पिक्सेल असते. पानाने ती पूर्ण व्यापली, तर अक्षराला 45 आणि ठिपक्याला 9 पिक्सेल मिळतात. हे भरपूर झालं. पण कॅमेरा पानावर धरताच मजकूर दाखवणारी ॲप्स बऱ्याचदा 640 बाय 480 चं छोटं चित्रच तपासतात. त्यात अक्षर सात पिक्सेलांचं होतं आणि ठिपक्याला जेमतेम दीड पिक्सेल उरतो. गुगलच्या ‘एमएल किट’ची सूचना आहे की अक्षर किमान 16 बाय 16 पिक्सेलांचं हवं आणि 24 च्या पुढे अचूकता सहसा वाढत नाही. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, उकार अक्षराच्या वर-खाली बसतात, म्हणून मी 30 च्या खाली जात नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. एमएल किटमध्ये प्रत्येक लिपीचं मॉडेल वेगळं असतं. ॲप बनवणाऱ्याने `DevanagariTextRecognizerOptions` न निवडता रोमन लिपीचंच मॉडेल ठेवलं, तर अर्थहीन रोमन अक्षरं येतात. सगळंच निरर्थक आलं तर लिपी तपासावी; वरचे ठिपके आणि वेलांट्याच गळत असतील तर फोटो. चुका बांधणीकडच्या कडेलाच साचत असतील, तर पान तिथे वाकलेलं आहे. काच ठेवून ते सपाट करावं, पण काचेवर दिव्याची चमक पडू देऊ नये.

एवढं करूनही काही चुका उरतात. त्या ‘सगळे बदला’ने दुरुस्त करायचा मोह टाळावा. ‘रव’च्या जागी ‘ख’ घातला की ‘खाणे’ सुधारतं, पण ‘रविवार’चा ‘खिवार’ होतो. शब्दकोशाशी ताडून पाहणं बरं, कारण ‘रवाणे’ त्यात सापडत नाही. पण ‘रग’ सापडतो! तोही खरा शब्द आहे, त्यामुळे हरवलेला अनुस्वार शब्दकोशाच्या हाती लागत नाही. तिथे वाक्य वाचणारा माणूसच लागतो. नावं, आकडे आणि तारखा तर मूळ पानाशी एकेक ताडूनच घ्याव्यात.

पुस्तकाची दोनशे पानं टिपायला बसण्याआधी एकाच पानाचा फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा दिसत नसेल, तर कॅमेरा जवळ नेऊन फोटो पुन्हा काढा.