कोष्टक, आलेख की नुसते एक वाक्य?

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगवहीत आकडे आले की आपण सवयीने रेघा आखून कोष्टक करतो. पाठ्यपुस्तकाने सांगितले असेल तर आलेख काढतो, आणि शेवटी निष्कर्षाचे एक वाक्य लिहितो. पण हे आकडे कोष्टकातच का मांडायचे, आलेखातच का काढायचे, किंवा दोन्ही न करता एका वाक्यात का सांगू नयेत, असा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. माझ्या प्रयोगशाळेतील एका वहीत पाचच ओळींचे आकडे होते आणि त्यांत एक चूक दडून बसली होती. ती कशी सापडली हे पाहिले, की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

प्रयोग तुमच्या परिचयाचा आहे, साध्या दोलकाचा. एका दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, लहान आयामाने झुलवायचा आणि २० दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा. त्या वेळेला २० ने भागले की एका दोलनाचा काळ, म्हणजे दोलनकाल, मिळतो. एका विद्यार्थ्याने दोऱ्याची लांबी पाच वेळा बदलून वाचने घेतली व ती अशी मांडली :

| लांबी (सें.मी.) | २० दोलनांचा काळ (सेकंद) | दोलनकाल (सेकंद) | दोलनकालाचा वर्ग (सेकंद²) |
|---|---|---|---|
| २० | १८.८ | ०.९४ | ०.८८ |
| ४० | २६.० | १.३० | १.६९ |
| ६० | ३१.६ | १.५८ | २.५० |
| ८० | ३६.४ | १.८२ | ३.३१ |
| १०० | ४०.६ | २.०३ | ४.१२ |

कोष्टक म्हणून हे चांगले आहे. एकके डोक्यावर एकदाच लिहिली आहेत. एका स्तंभातील सर्व आकड्यांत दशांश स्थळे सारखी आहेत, त्यामुळे अंक एकाखाली एक येतात व नजर सरळ खाली उतरू शकते. ओळी लांबीच्या चढत्या क्रमाने आहेत. वाचने ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने ती लिहिली असती, तर कदाचित ८० नंतर २० आले असते आणि काळ वाढत जातो हेसुद्धा चटकन दिसले नसते. दुसरी गोष्ट अशी, की प्रत्यक्ष मोजलेला आकडा, म्हणजे २० दोलनांचा काळ, येथे जसाच्या तसा ठेवला आहे. भागाकारात कोणी चुकले असेल तर दुसऱ्याला ते तपासता येते. कोष्टकाचे खरे काम हेच : नेमका आकडा जपून ठेवणे आणि मागेल त्याला तो काढून देणे.

आता या विद्यार्थ्याने पुढे काय केले ते पाहा. गुरुत्वत्वरण काढण्यासाठी लांबीला (मीटरमध्ये) ४π² म्हणजे ३९.४८ ने गुणायचे व दोलनकालाच्या वर्गाने भागायचे. त्याने पाचही ओळींसाठी असे केले, पाच उत्तरांची सरासरी घेतली आणि वहीत लिहिले, 'गुरुत्वत्वरण = ९.३८ मीटर प्रति सेकंद²'. आपल्या भागात हे मूल्य सुमारे ९.७८ आहे. म्हणजे चूक चार टक्क्यांची. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "सर, स्टॉपवॉच दाबताना थोडे मागेपुढे होतेच."

पण तसे असते तर पाच उत्तरांपैकी काही ९.७८ च्या वर आणि काही खाली आली असती. त्याची पाच उत्तरे क्रमाने अशी होती : ८.९७, ९.३४, ९.४८, ९.५४ आणि ९.५८. सगळी कमी, आणि लांबी वाढेल तशी सतत वाढणारी. वहीत हे आकडे कच्च्या कामाच्या पानावर विखुरलेले होते. ते कोष्टकात पाचवा स्तंभ म्हणून लिहिले असते, तर ही चढण तेथेच दिसली असती. सरासरी घेताच ती नाहीशी झाली. पाच आकड्यांच्या जागी एकच आकडा आला आणि त्या पाचांमध्ये असलेली ओळ पुसली गेली.

मी त्याला आलेखकागद दिला. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग. पाचही बिंदू जवळजवळ अचूक एका सरळ रेषेवर बसले. त्याने पट्टी ठेवली आणि आरंभबिंदूपासून रेषा ओढायला सुरुवात केली. दोलनकालाचा वर्ग लांबीच्या सम प्रमाणात असतो, तेव्हा रेषा आरंभबिंदूतून जायलाच हवी, असे त्याचे म्हणणे. पण ती रेषा काही केल्या जमेना. तिच्या डाव्या टोकाचे बिंदू थोडे वर राहत आणि उजव्या टोकाचे थोडे खाली. "आरंभबिंदू विसर, फक्त पाच बिंदूंमधून रेषा काढ आणि मग ती मागे वाढव," असे मी सुचवले.

रेषा मागे वाढवल्यावर ती आरंभबिंदूतून गेली नाही. लांबी शून्य असताना वर्गाची किंमत ०.०७ येत होती, आणि लांबीचा अक्ष रेषेने आरंभबिंदूच्या डावीकडे सुमारे १.७ सेंटिमीटरवर छेदला. याचा अर्थ काय? दोरा शून्य लांबीचा झाला तरी दोलकाला अजून पावणेदोन सेंटिमीटर लांबी शिल्लक आहे, असे आलेख सांगत होता. आम्ही दोलकाकडे पाहिले आणि उलगडा झाला. दोलकाची लांबी आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. या मुलाने ती गोळ्याच्या आकड्यापर्यंतच, म्हणजे नुसत्या दोऱ्याची, मोजली होती. आकड्याची उंची ०.६ सेंटिमीटर व गोळ्याची त्रिज्या १.३ सेंटिमीटर, मिळून १.९. वेळेच्या वाचनात ०.१ सेकंदाची चूक धरली तर वर्गात सुमारे ०.०१ ते ०.०२ चा व छेदाच्या जागेत काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. तेव्हा १.७ आणि १.९ यांचा मेळ चांगलाच बसतो.

यापुढे आणखी एक गंमत आहे. रेषेचा चढ काढला तर तो दर मीटरला ४.०५ येतो : (४.१२ − ०.८८) भागिले ०.८०. ३९.४८ ला ४.०५ ने भागले की गुरुत्वत्वरण ९.७५ मिळते. वाचने तीच, लांबी मोजण्यातील चूकही तीच, तरी उत्तर जवळजवळ बरोबर. कारण प्रत्येक लांबी सारख्याच अंतराने कमी मोजली गेली होती. त्यामुळे रेषा बाजूला सरकली, पण तिचा चढ बदलला नाही.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. त्या मुलाने आडवा अक्ष शून्याऐवजी २० पासून सुरू केला असता, तर कागदावर बिंदू अधिक ऐसपैस बसले असते, पण आरंभबिंदूच कागदाबाहेर गेला असता आणि चूक दिसली नसती. तसेच बिंदू दोनच असते तरी आलेखाचा उपयोग झाला नसता, कारण कोणत्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा जातेच. ती नियमामुळे सरळ आहे की आपण ओढली म्हणून, हे ठरवायला आणखी बिंदू लागतात.

मग प्रत्येक वेळी आलेखच काढावा का? नाही. त्याच विद्यार्थ्याने नंतर लांबी नीट गोळ्याच्या मध्यापर्यंत १०० सेंटिमीटर ठेवली आणि सारख्या आकाराचे पितळी, लोखंडी व लाकडी असे तीन गोळे पाळीपाळीने लावून पाहिले. २० दोलनांना अनुक्रमे ४०.२, ४०.१ व ४०.२ सेकंद लागले. आलेखाची गोडी लागलेली असल्यामुळे त्याने याचाही स्तंभालेख काढला. रेषा न काढता स्तंभ काढले हे बरोबरच, कारण पितळ आणि लोखंड यांच्यामध्ये लांबीसारख्या सलग किमती नसतात. स्तंभालेखाचा पाया घालणाऱ्या विल्यम प्लेफेअर यांनीही १७८६ साली असेच केले. स्कॉटलंडच्या निरनिराळ्या देशांशी असलेल्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे हाती असल्याने त्यांनी रेषेऐवजी स्तंभ वापरले.

पण आमच्या मित्राने उभा अक्ष ४०.० पासून सुरू केला होता. परिणामी पितळेचा स्तंभ लोखंडाच्या दुप्पट उंच झाला! स्तंभ पाहणारा माणूस अक्षावरचे आकडे नंतर वाचतो, आधी उंची पाहतो. त्याला वाटणार, पितळी गोळा दुप्पट वेळ घेतो. म्हणून स्तंभ नेहमी शून्यापासूनच उभे करायचे. तसे केले आणि १ सेंटिमीटरला ४ सेकंद हे प्रमाण घेतले, तर दोन स्तंभांच्या उंचीत पाव मिलिमीटरचा फरक पडतो. तो पेन्सिलीच्या रेघेइतकाच. म्हणजे एक आलेख खोटे सांगतो आणि दुसरा काहीच सांगत नाही.

कोष्टकाचेही तेच. तीन आकडे, तेही जवळजवळ सारखे, त्यांना चौकटीत कोंडून वाचकाला शोधायचे काय? शिवाय केवळ पितळी गोळ्याचीच तीन वाचने ४०.१, ४०.३ व ४०.२ अशी आली होती. एकाच गोळ्याच्या वाचनांत ०.२ सेकंदाचा फरक पडतो, तर दोन गोळ्यांमधील ०.१ ला अर्थ उरत नाही. तेव्हा त्याने शेवटी हे लिहिले : 'दोलकाची लांबी १०० सें.मी. असता पितळी, लोखंडी व लाकडी गोळ्यांना २० दोलनांस ४०.१ ते ४०.२ सेकंद लागले. एकाच गोळ्याच्या वाचनांत ०.२ सेकंदाचा फरक पडत असल्याने, अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेपर्यंत वस्तुमानाचा परिणाम आढळला नाही.' या एका वाक्यात आकडे आहेत, त्यांची मर्यादा आहे आणि त्यांचा अर्थही आहे. हा अर्थ कोष्टकाला किंवा स्तंभांना सांगता आला नसता.

तेव्हा रेघा आखण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा, की वाचक या आकड्यांचे काय करणार आहे? त्याला एखादा नेमका आकडा काढून घ्यायचा किंवा तपासायचा असेल तर कोष्टक. एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते पाहायचे असेल तर आलेख. आणि सांगण्यासारखी गोष्ट एकच असेल तर वाक्य. दोलकाच्या पहिल्या प्रयोगात कोष्टक व आलेख दोन्ही लागले, कारण वाचने जपायचीही होती आणि त्यांतील चूक शोधायचीही होती.

जाता जाता एक कोडे. दुसऱ्या एका मुलीने लांबी गोळ्याच्या तळापर्यंत मोजली आहे. तिच्या आलेखातील रेषा लांबीचा अक्ष कोठे छेदील? आणि चढावरून काढलेले गुरुत्वत्वरण चुकेल का? दोरा, गोळा आणि आलेखकागद घ्या व उत्तर स्वतःच शोधून काढा.