उतारावरचे पाऊल आणि बुटाची नाडी

तीन तक्रारींचे नाते

टाच बुटातून उचलली जाणे, बोटे पुढे आपटणे आणि पावलाच्या वरच्या बाजूला कळ येणे या तीन तक्रारी वेगळ्या भासतात. कळसूबाईसारखे शिखर उतरताना मात्र त्या एकीतून दुसरी उद्भवतात. टाचेला पकड नसली की शरीराचा भार पाऊल पुढे सरकवतो आणि नखे बुटाच्या टोकाला लागतात. मग सगळी नाडी करकचून आवळली जाते. त्यामुळे पावलावरचे स्नायुबंध आणि मज्जातंतू दाबले जातात, बोटांना मुंग्या येतात. घसरण मात्र पुरती थांबत नाही. पाऊल खरे अडवायचे असते ते घोट्यासमोरच्या वळणापाशी.

टाचेचा फास

वरून दुसऱ्या छिद्रापर्यंत नाडी नेहमीसारखी फुलीने ओवतात. पुढे प्रत्येक टोक समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या छिद्रातून बाहेरून आत घेतात. दोन छिद्रांमध्ये लहानसा फास उरतो. डावे टोक उजव्या फासातून आणि उजवे डाव्या फासातून काढून, टाच जमिनीवर ठोकून मागे बसवल्यावर टोके खाली ओढतात आणि गाठ मारतात. फास कप्पीसारखे काम करतात. त्यामुळे थोड्या ओढीने बुटाचा वरचा भाग घोट्याभोवती आवळतो. हा फास पक्का बसला की खालची नाडी सैल ठेवता येते, आणि हाच त्याचा मोठा फायदा आहे.

दुखऱ्या जागेवरची खिडकी

बोटाने दाबून दुखरी जागा शोधतात. त्या जागेवरची फुली वगळून दोन्ही टोके आपापल्या बाजूने सरळ वरच्या छिद्रात नेतात व पुढे पुन्हा फुल्या घालतात. दाब हटतो, तशी पकडही किंचित घटते; म्हणून उतारावर खिडकीच्या वर टाचेचा फास हवाच.

अंगठ्यावरचा दाब

बुटाचे कापड अंगठ्यावर वरून टेकत असेल, तर नाडीचे एक टोक अंगठ्याजवळच्या छिद्रातून थेट विरुद्ध बाजूच्या सर्वांत वरच्या छिद्रात तिरके नेतात. उरलेली छिद्रे दुसऱ्या टोकाने भरतात. तिरका धागा ओढला की अंगठ्यावरचे कापड थोडे उचलले जाते. कापड मऊ असेल तरच याचा उपयोग होतो.

मर्यादा

नाडीने बुटाची लांबी वाढत नाही. आतला तळवा बाहेर काढून त्यावर टाच मागे ठेवून उभे राहिल्यास सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा दिसायला हवी. तेवढी जागा नसेल, तर कोणत्याही बांधणीने नखे काळी पडायची थांबत नाहीत. बूटच बदलावा लागतो.