साडी पोहोचली, पैसे मात्र अडकले
ऑनलाइन दुकानाचा हिशेब : भाग ६

मोहाडी-आंधळगावच्या मागावरची करवती काठाची कोसा साडी आता वेबसाइटवरून पुण्या-मुंबईला जाते, एखादी अमेरिकेलाही. पैसे येतात पेमेंट गेटवेच्या कंपनीमार्फत. एखाद्या आठवड्यात बँकेत अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम पडते आणि ‘कंपनीने पैसे कापले’ असं म्हणून विक्रेता कपाळाला हात लावतो. पण त्या कापण्यात तीन वेगवेगळे पैसे असतात. ते वेगळे केले की निम्मी काळजी मिटते.

समजा, आठवड्यात आठ हजारांच्या दहा साड्या गेल्या, म्हणजे विक्री ८०,००० रुपयांची. करारात गेटवेचं शुल्क २ टक्के आहे. ते झालं १,६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २८८. जीएसटी शुल्कावर लागतो, साडीच्या किमतीवर नाही. इथे अनेकांची गफलत होते. एरवी ७८,११२ रुपये आले असते.

त्याच आठवड्यात दोन महिन्यांपूर्वीच्या एका गिऱ्हाइकाने आपल्या बँकेत तक्रार केली की साडी फोटोसारखी नाही. हाच चार्जबॅक. गिऱ्हाइकाची बँक कार्ड नेटवर्कमार्फत गेटवेच्या बँकेकडून पैसे मागते, ती गेटवेकडून आणि गेटवे तुमच्याकडून. म्हणून निकाल लागण्याआधीच ८,००० वळते झाले. तक्रार हाताळण्याचे ५०० आणि त्यावरचा जीएसटी ९० वेगळे. शिवाय कंपनीने कळवलं की यापुढे विक्रीचे १० टक्के ९० दिवस राखून ठेवू. त्या आठवड्याचे झाले आणखी ८,०००. बँकेत आले ६१,५२२.

म्हणजे १६,५९० कमी. त्यातले दोन आकडे योगायोगाने सारखे असले तरी त्यांची जात वेगळी आहे. राखीव आठ हजार तुमचेच आहेत, फक्त उशिरा येतील. वहीत ते खर्चात टाकू नका, येणं म्हणून लिहा. वादातले आठ हजार अधांतरी आहेत. खरोखर गेले ते ५९०, आणि वाद जिंकला तरी ते बहुधा परत मिळत नाहीत. हरलात आणि साडीही परत आली नाही, तर मात्र साडीमागे १,२०० रुपये नफा धरला तरी सात साड्यांचा नफा बुडाला.

राखीव रक्कम कंपनीला लागते कशाला? व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर विक्रेत्याने दुकान बंद केलं तर गेटवेला पदरचे भरावे लागतात. ९० दिवस म्हणजे साधारण तेरा आठवडे. दर आठवड्याला आठ हजार अडकत गेले की तेराव्या आठवड्याला १,०४,००० अडकलेले असतात, पण पुढे ती रक्कम वाढत नाही: नवे आठ हजार अडकतात, जुने आठ हजार सुटतात. लग्नसराई संपून विक्री घटली की सुटणारे पैसे अडकणाऱ्यांपेक्षा जास्त होतात. खरी अडचण पहिल्या तेरा आठवड्यांची, कारण सुताचे आणि विणकराच्या मजुरीचे पैसे तेव्हाच द्यायचे असतात. टक्का एकूण विक्रीवर की शुल्क वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे करारात पाहून घ्या. आपल्या उदाहरणात फरक आठवड्याला १८९ रुपयांचा आहे.

वाद लढायचा तर तक्रारीचं कारण आधी वाचा. ‘मिळाली नाही’ असेल तर कुरिअरची सहीची पोच चालते. ‘वर्णनासारखी नाही’ असेल तर तीच पोच निरुपयोगी. तिथे लागतं वेबसाइटवरचं विक्रीआधीचं वर्णन. कोशाच्या धाग्यात गाठी असतात, रंगात थोडा फरक पडतो, हे तिथे लिहिलेलं असेल तर बाजू भक्कम होते. ‘व्यवहार मी केलाच नाही’ ही तक्रार देशातल्या ओटीपी टाकलेल्या व्यवहारावर सहसा टिकत नाही. परदेशी कार्डावर ओटीपी नसेल तर टिकू शकते. अमेरिकेच्या ऑर्डरचं कौतुक करताना एवढं ध्यानात असू द्या.

सर्वांत महागडी चूक चांगुलपणातून होते. तक्रार आली की विक्रेता घाबरून वेगळा रिफंड करतो. मग रिफंडही जातो, चार्जबॅकही जातो, एका साडीचे सोळा हजार. चूक मान्य असेल तर रिफंड न करता गेटवेच्या डॅशबोर्डवर तक्रार ‘मान्य’ करा.

बँकेत येणाऱ्या प्रत्येक रकमेला यूटीआर क्रमांक असतो. त्याच क्रमांकाचा सेटलमेंट अहवाल उतरवून घ्या आणि वरची वजाबाकी स्वतः करून पाहा. एक रुपयाही जुळला नाही तर त्या क्रमांकासह गेटवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा, फोनवर नको. पुढच्या आठवड्यात मोठ्या मार्केटप्लेसवर विकणाऱ्यांचा टीसीएस आणि टीडीएस पाहू. आपला एखादा सेटलमेंट अहवाल तोवर काढून ठेवा.