टाचेमागचं दुखणं विश्रांतीने का जात नाही?

दिवाळीच्या सुट्टीत लोणारच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायला उतरणारा पंचेचाळिशीतला एक शिक्षक डोळ्यांसमोर आणा. वर्षभर वर्ग, खुर्ची आणि मोटरसायकल. सुट्टी लागली की रोज दोन तास खेळ, त्यात एखाद्या सकाळी पाहुण्यांसोबत सरोवराच्या काठापर्यंत उतरून पुन्हा वर चढणं. आठवड्याभरात सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं लंगडत पडू लागतात. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, मागची जाड शीर चिमटीत धरून दाबली की नेमकी तिथेच कळ येते. मैदानात अंग गरम झालं की मात्र दुखणं नाहीसं होतं. त्यामुळे तो खेळत राहतो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी वाईट जाते. शेवटी तो तीन आठवडे घरी बसतो. दुखणं थांबतं, तो पुन्हा मैदानात उतरतो आणि चार दिवसांत पुन्हा लंगडतो.

पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या या शिरेला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. धावताना आणि उडी मारताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. ती कोलॅजेनच्या समांतर धाग्यांची बनलेली असते. जोरदार खेळानंतर पहिला दीड दिवस या धाग्यांची झीज जास्त आणि भरपाई कमी होते, त्यानंतर भरपाईचं पारडं जड होतं. रोजच उड्या मारल्या तर ती वेळ मिळतच नाही. शीर सुजल्यासारखी जाड होते, धाग्यांची रांग विस्कटते. स्नायू सरावाने काही आठवड्यांत तयार होतो, शिरेला महिने लागतात. चाळिशीनंतर ही भरपाई आणखी मंदावते. मधुमेह किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल तर धोका अधिक.

विश्रांती इथेच तोकडी पडते. ताण थांबला की कळ शमते, पण विस्कटलेले धागे आपोआप पूर्ववत होत नाहीत. उलट बसून राहिल्याने पोटरी कमजोर होते आणि शिरेची ताण पेलण्याची ताकद घटते. मैदानातली उडी मात्र पूर्वीइतकीच जोरदार असते. तीन आठवड्यांनी परतलेला शिक्षक तेच ओझं आधीपेक्षा कमजोर शिरेवर टाकतो.

स्वीडनचे शल्यचिकित्सक होकान अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये याच्या उलट वाट दाखवली. मध्यमवयीन हौशी धावपटूंच्या दुखऱ्या शिरेवर त्यांनी मुद्दाम वजन टाकलं. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर उचलायचं आणि दुखऱ्या पायाने टाच सावकाश पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, तीन फेऱ्या; गुडघा किंचित वाकवून तितक्याच; दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं. त्यांचे पंधराही रुग्ण पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत यश इतकं सरसकट दिसलं नाही, तरी ताण देऊनच शीर सुधारते हे सूत्र टिकलं. आठवड्यातून तीनदा, जड वजनाने आणि संथ गतीने केलेला व्यायामही तितकाच उपयोगी पडतो, असं नंतर दिसून आलं.

आपल्या शिक्षकाने सुरुवात सपाट जमिनीवर दोन्ही पायांनी टाचा उचलण्यापासून करावी, मग एका पायावर, मग पायरीवर आणि शेवटी वजन घेऊन. व्यायामात थोडं दुखलं तर घाबरू नये. दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं चालतं. दुसऱ्या सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. सकाळची कळ वाढली, तर आदल्या दिवशीचं ओझं जास्त झालं असं समजून एक पायरी मागे यावं. खेळ पूर्ण बंद करायची गरज नसते. उड्या कमी कराव्यात आणि दोन खेळांमध्ये एक-दोन दिवस सोडावेत. दुखणं टाचेच्या हाडावरच असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये आणि सरोवराचा चढही काही काळ टाळावा. चढावर घोटा जास्त वाकतो आणि शीर हाडावर दाबली जाते.

खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असू शकते. तेव्हा व्यायाम न करता त्याच दिवशी अस्थिरोग तज्ज्ञाकडे जावं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक घेताना शीर दुखू लागली, तरी डॉक्टरांना लगेच सांगावं. स्टिरॉइडचं इंजेक्शन थेट शिरेत घेण्याचा मोह टाळावा. आराम लवकर पडतो, पण शीर तुटण्याचा धोका वाढतो.

दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतक्याच वेळा टाच उचलता येऊ लागली आणि एका पायाने उड्या मारल्यावरही दुसरी सकाळ शांत गेली, की जोरदार खेळाकडे परतावं. इथवर यायला बहुतेकांना तीन महिने तरी लागतात. परतल्यावरही आठवड्यातून दोनदा पायरीवरचा व्यायाम चालू ठेवावा आणि पुढच्या सुट्टीतल्या खेळाची तयारी सुट्टीच्या दोन महिने आधी सुरू करावी.