खुलाशाआधीचं पत्र, खुलाशानंतरचं पत्र

मसुदा एका पानाचा होता. वर ठळक अक्षरांत ‘कारणे दाखवा नोटीस’, आणि खाली पहिलंच वाक्य असं: ‘आपण निकृष्ट टीसीएल पावडर पुरवून ग्रामस्थांच्या आरोग्याशी खेळ केल्याचे सिद्ध झाले असून आपला पुरवठा आदेश रद्द करण्यात येत आहे. तरी याबाबत सात दिवसांत खुलासा करावा.’

काष्टीला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि त्या दिवशी आसपासच्या गावांतली माणसं इथे येतातच. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांतले काहीजण कागद दाखवायला माझ्याकडेही येतात. हा मसुदा आणणारे एका लहान ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक होते. त्यांचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं असलं तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं, आणि मीही तेच म्हणतो. गावाचं आणि पुरवठादाराचं नाव सांगत नाही. प्रकरण मात्र नीट सांगण्यासारखं आहे.

पिण्याच्या पाण्यात टाकायच्या टीसीएल पावडरीचा वर्षभराचा पुरवठा त्यांनी एका पुरवठादाराला दिला होता. माल टप्प्याटप्प्यानं यायचा. दुसऱ्या टप्प्यातल्या पावडरीचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि क्लोरीनचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आलं. ताज्या पावडरीत ते तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतं, आणि 20 च्या खालची पावडर पाणी शुद्ध करायला वापरू नये असा आरोग्य विभागाचा दंडक आहे. सदस्य संतापले होते. त्यांचा संताप रास्त होता आणि मसुद्यातही तो तसाच उतरला होता.

मी भाऊसाहेबांना म्हटलं, “यात तुम्ही विचारलंय काहीच नाही. ‘सिद्ध झालं’ म्हणताय, ‘रद्द करण्यात येत आहे’ म्हणताय. मग खुलासा कशाचा मागताय?”

“पण साहेब, रिपोर्ट तर हातात आहे,” ते म्हणाले.

रिपोर्ट हातात असणं आणि दोष सिद्ध होणं यांत अंतर आहे. कारणे दाखवा नोटीस त्या अंतरातच बसते. मासळी निर्यात करणाऱ्या ओरिक्स फिशरीज या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली हेच पाहिलं. तिथे नोटीस देणाऱ्या अधिकाऱ्यानं नोटिशीतच दोष निःसंशय शाबित झाल्याचं लिहून टाकलं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं, की नोटीस वाचणाऱ्याला ‘आता काहीही सांगितलं तरी उपयोग नाही’ असं वाटत असेल, तर पुढची सगळी कार्यवाही देखावा ठरते. तिथली नोटीस आणि तिच्यावर उभा राहिलेला नोंदणी रद्दचा आदेश, दोन्ही टिकले नाहीत.

ग्रामपंचायतीला हे लागू होतं, कारण ती राज्यघटनेच्या अर्थानं ‘राज्य’ आहे आणि तिच्या मनमानीविरुद्ध उच्च न्यायालयात रिट दाखल करता येते. एखादा खासगी डेअरीवाला आपल्या पशुखाद्याच्या पुरवठादाराला काढतो, तेव्हा मुख्यतः त्यांच्या करारात काय लिहिलंय ते पाहायचं असतं. तीस दिवसांची सूचना देऊन कारण न सांगता करार संपवता येईल असं कलम असेल, तर त्याला कारणे दाखवा नोटिशीची गरजही पडत नाही. पण जनतेच्या पैशानं खरेदी करणाऱ्यानं दोषावर बोट ठेवून पुरवठादाराला काढायचं ठरवलं, की त्याचं आधी ऐकावं लागतं.

आम्ही मसुदा नव्यानं लिहायला बसलो. पहिल्या परिच्छेदात फक्त घडलेल्या गोष्टी: पुरवठा आदेशाचा क्रमांक व तारीख, माल आल्याची तारीख, गोण्यांची संख्या, नमुना कोणत्या दिवशी कुणी घेतला, अहवालात काय आलं. अहवालाची प्रत सोबत जोडली. ज्या कागदाच्या जोरावर आपण बोलतो तो समोरच्याला दाखवला नाही, तर तो उत्तर कशाला देणार? दुसऱ्या परिच्छेदात पुरवठा आदेशातली अट, म्हणजे क्लोरीनचं किमान प्रमाण सांगणारं कलम, शब्दशः. तिसऱ्यात प्रश्न: ‘वरील कारणास्तव आपला पुरवठा आदेश रद्द का करण्यात येऊ नये व अनामत रक्कम जप्त का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करावा. प्रत्यक्ष म्हणणे मांडावयाचे असल्यास तसे कळवावे.’

प्रस्तावित कारवाई नावानिशी लिहायला मी सांगितलं, तेव्हा भाऊसाहेब अडखळले. मन मोकळं ठेवायचं आणि शिक्षाही लिहायची, हे त्यांना परस्परविरोधी वाटलं. तसं वाटणं साहजिक आहे. पण पुरवठादारानं किती तयारीनं उत्तर द्यायचं हे त्याच्यावर काय येऊ घातलंय यावर ठरतं. भारतीय अन्न महामंडळाच्या भोपाळ कार्यालयानं यूएमसी टेक्नॉलॉजीज या कंपनीला भरती परीक्षेचं काम दिलं होतं. 1 एप्रिल 2018 च्या परीक्षेत प्रश्नपत्रिका फुटल्याचा संशय आला, 10 एप्रिलला नोटीस गेली आणि 9 जानेवारी 2019 ला करार रद्द करून कंपनीला पाच वर्षं काळ्या यादीत टाकलं. नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेखच नव्हता. 16 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं आदेशातला तेवढा भाग रद्द केला, करार संपवण्याच्या भागाला हात लावला नाही. म्हणून नोटीस लिहितानाच ठरवावं लागतं, आपण कुठवर जाणार आहोत. या पुरवठादाराला काळ्या यादीत टाकण्याइतकं काही दिसत नव्हतं, तेव्हा ते लिहिलं नाही, आणि पुढे तो विषय आपोआप बंद झाला.

अजून एक जागा सांभाळायची होती. मासिक सभेपुढे यायच्या ठरावाच्या कच्च्या टिपणात ‘नोटीस देऊन पुरवठा आदेश रद्द करावा’ असं होतं. हा ठराव इतिवृत्तात गेला असता, तर नोटीस कितीही नेमस्त लिहिली तरी निर्णय आधीच झाल्याचा पुरावा ग्रामपंचायतीच्याच दप्तरात राहिला असता. सभेनं ‘कारणे दाखवा नोटीस द्यावी व खुलासा सभेपुढे ठेवावा’ एवढाच ठराव केला.

पंधरा दिवस गावानं कमी क्लोरीनचं पाणी प्यायचं का, हा सदस्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्यासाठी वेगळं पत्र काढलं: अहवालातल्या टप्प्याची पावडर वापरणं थांबवलं आहे, पुढचा माल पुढील सूचनेपर्यंत पाठवू नये. तातडीची पावडर दुसरीकडून घेतली. पुरवठा थांबवणं म्हणजे करार संपवणं नव्हे. ते लगेच करता येतं आणि पाण्याच्या बाबतीत करायलाच हवं.

नोटीस पाठवताना पोहोच मिळेल याची तजवीज केली. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाची पावती आणि पोहोच जावक नोंदवहीच्या नोंदीसोबत लावून ठेवायची. खुलाशाची मुदत नोटीस पोहोचल्याच्या तारखेपासून मोजायची, म्हणून तो कागद जपायचा.

खुलासा बाराव्या दिवशी आला, आणि तो पोकळ नव्हता. पुरवठादाराचं म्हणणं असं, की माल चांगला होता, ग्रामपंचायतीनं तो पावसाळ्यात पंपघरात उघडा ठेवला. हे सहज झटकून टाकता येत नाही. टीसीएल पावडर ओल, उष्णता आणि हवा लागली की क्लोरीन गमावत जाते, आणि प्रयोगशाळेत गेलेला नमुना उघडलेल्या गोणीतला होता. सगळ्यांना खात्री होती ती गोष्ट इथे खरोखर डळमळली. मसुद्यातलं ते ‘सिद्ध झाले’ त्या दिवशी टपालात गेलं असतं, तर या उत्तरापुढे ग्रामपंचायतीला बोलायला जागा राहिली नसती.

सुदैवानं त्याच टप्प्यातल्या काही गोण्या शिवलेल्या अवस्थेत होत्या. पुरवठादाराच्या माणसाला बोलावून, त्याच्यासमोर शिवण उसवून नमुना घेतला, हवाबंद बाटलीत सील केला, पंचनाम्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. बाटली प्रयोगशाळेत गेली. या वेळीही प्रमाण 20 च्या खालीच आलं. शिवाय गोणीवरच्या उत्पादनाच्या महिन्यावरून दिसत होतं, की माल गावात आला तेव्हाच बरेच महिने जुना होता. हा अहवाल पुरवठादाराला पाठवून त्यावर त्याचं म्हणणं पुन्हा मागवलं. नवा पुरावा परस्पर अंतिम पत्रात घालता येत नाही.

सदस्यांना अंतिम पत्रात आणखी एक कारण हवं होतं: पहिला टप्पा उशिरा आला होता. मी ते घालू दिलं नाही. नोटिशीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि नोटिशीत न विचारलेल्या दोषावर शिक्षा देता येत नाही. दुसरं असं, की तो माल काहीही न लिहिता उतरवून घेतला होता. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 55 सांगतं, की वेळ महत्त्वाची असलेल्या करारात उशिरा आलेली पूर्तता स्वीकारली, तर स्वीकारतानाच तशी सूचना दिल्याशिवाय उशिराबद्दल भरपाई मागता येत नाही. चलनावर ‘उशिरा प्राप्त, हक्क राखून स्वीकारले’ अशी ओळ असती, तर ती बाब पहिल्या नोटिशीतच मांडता आली असती.

अंतिम पत्राचा सूर वेगळा असतो आणि असायलाच हवा. नोटिशीत ‘असे दिसून येते’ होतं, इथे ‘असा निष्कर्ष काढण्यात येत आहे’ आलं. सुरुवातीला नोटिशीचा जावक क्रमांक, खुलाशाची तारीख, दुसऱ्या नमुन्याचा पंचनामा, सभेचा ठराव. मग गाभा: साठवणुकीचा मुद्दा विचारात घेतला, उघड्या गोणीच्या पहिल्या अहवालावर विसंबलेलो नाही, शिवलेल्या गोणीचा नमुना आपल्या प्रतिनिधीसमक्ष घेतला असून त्यातही प्रमाण कमी आढळले, म्हणून खुलासा मान्य करता येत नाही. ही तीन-चार वाक्यं लिहायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘आपला खुलासा समाधानकारक नाही’ एवढ्यावर अनेक कार्यालयं भागवतात आणि तिथेच अडकतात. मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1977 सालीच सांगून ठेवलंय, की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तोलला जाईल, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडून तो सावरता येणार नाही.

पत्राचा शेवट व्यवहाराचा होता. पुरवठा आदेश कोणत्या तारखेपासून संपला, ते लिहिलं. पहिल्या टप्प्याच्या मालाबद्दल तक्रार नव्हती, त्याचं बिल देय असल्याचं स्पष्ट केलं. अनामत रक्कम पुरवठा आदेशातल्या अटीप्रमाणे जप्त केली, त्या अटीचा क्रमांक दिला. उरलेल्या गोण्या पुरवठादारानं स्वखर्चानं दहा दिवसांत उचलून न्याव्यात असं कळवलं, आणि साठा नोंदवहीत त्या गोण्यांपुढे ‘वापरू नये’ असा शेरा मारून भाऊसाहेबांनी खाली सही केली.