दोन व्हॉल्व्ह, दोन शुद्धता: कोणाची जोडी कोणाशी?

मिथेनॉल आणि पाणी वेगळं करणारा एक डिस्टिलेशन कॉलम प्रोसेस कंट्रोल शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना भेटतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या या कॉलमचं गणिती मॉडेल वुड आणि बेरी यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलं. वरून सुमारे ९६ टक्के मिथेनॉल निघतं, तळाच्या पाण्यात जेमतेम अर्धा टक्का उरतं. हे दोन आकडे सांभाळायला हाताशी दोनच व्हॉल्व्ह आहेत. एक रिफ्लक्सचा, म्हणजे वर थंड होऊन द्रव झालेल्या मिथेनॉलपैकी कॉलममध्ये परत सोडायच्या भागाचा. दुसरा तळाच्या रिबॉयलरला जाणाऱ्या वाफेचा.

अडचण अशी की कुठलाही व्हॉल्व्ह हलवला तरी दोन्ही आकडे हलतात. मग वरची शुद्धता कोणाच्या हाती द्यायची आणि तळाची कोणाच्या?

१९६६ साली फॉक्सबरो कंपनीतल्या एडगर ब्रिस्टल यांनी याचा निवाडा करणारी पद्धत मांडली. तिचं नाव रिलेटिव्ह गेन अॅरे. कल्पना अगदी साधी आहे. एक व्हॉल्व्ह थोडा हलवायचा आणि दुसरा लूप मॅन्युअलवर असताना किती परिणाम होतो ते पाहायचं. मग दुसरा लूप ऑटोवर असताना तोच परिणाम किती होतो ते पाहायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

वुड-बेरी कॉलमवर हे करून पाहू. वाफ कायम ठेवून रिफ्लक्स मिनिटाला ०.१ पौंडाने वाढवला, तर सगळं स्थिरावल्यावर वरचं मिथेनॉल १.२८ टक्क्यांनी वाढतं. पण तळातही ०.६६ टक्के जास्त मिथेनॉल उतरतं. आता तळाचा लूप ऑटोवर असेल तर तो गप्प बसणार नाही. ते ०.६६ काढून टाकायला तो वाफ ०.०३४ पौंडाने वाढवेल, आणि त्या जादा वाफेबरोबर पाणीही वर जाऊन वरची शुद्धता ०.६४ टक्क्याने उतरेल. हाती उरलं सुमारे ०.६४. म्हणजे १.२८ भागिले ०.६४, उत्तर साधारण २.

हा आकडा १ च्या जवळ असता तर लूप एकमेकांच्या वाटेला जात नाहीत असं म्हणता आलं असतं. २ चा अर्थ, दुसरा लूप चालू होताच आपल्या व्हॉल्व्हची ताकद निम्मी होते. गैरसोय आहे, पण जोडी चालते.

उलटी जोडी लावली, म्हणजे वरची शुद्धता वाफेकडे दिली, तर? अॅरेतल्या प्रत्येक ओळीची बेरीज १ असते, त्यामुळे तिथे उणे १ येतं. हे उणे चिन्ह घातक आहे. एकटी वाफ वाढवली की वरची शुद्धता घटते. दुसरा लूप ऑटोवर असताना मात्र तीच शुद्धता अखेरीस वाढते. ज्या कंट्रोलरला एका स्थितीसाठी बसवलं, तो दुसऱ्या स्थितीत चूक सुधारायच्या ऐवजी वाढवत नेतो. आणि ऑपरेटर एखादा लूप कधीतरी मॅन्युअलवर घेणारच. म्हणून वरची शुद्धता रिफ्लक्सकडे, तळाची वाफेकडे.

जोडी ठरल्यावर डीकपलरचा विचार. तो दोन कंट्रोलरमधला निरोप्या आहे. वाफ १ ने वाढली की तो रिफ्लक्स १.४८ ने वाढवतो, रिफ्लक्स १ ने वाढला की वाफ ०.३४ ने. पण वेळही जुळायला हवी. वाफेचा परिणाम वर दिसायला ३ मिनिटं लागतात, रिफ्लक्सचा १ मिनिट. म्हणून रिफ्लक्सने २ मिनिटं थांबायचं. तळाशी रिफ्लक्सचा परिणाम ७ मिनिटांनी पोचतो, वाफेचा ३. तिथे वाफेने ४ मिनिटं थांबायचं. दोन्हीकडे थांबायचंच आहे, हे नशीब. आकडे उलट असते तर कारण घडण्याआधीच उपाय करावा लागला असता, आणि ते शक्य नाही. डीकपलर बसवल्यावरही रिफ्लक्सची ताकद निम्मीच राहते, तेव्हा कंट्रोलरचं ट्यूनिंग पुन्हा करावं लागतं. काम झालं का हे तपासायला तळाचा सेटपॉइंट थोडा बदलावा. वरची शुद्धता हलली तर मॉडेलमध्ये खोट आहे.

डीकपलरवर किती विसंबायचं तेही हाच आकडा सांगतो. स्कोगेस्टाड, मोरारी आणि डॉइल यांनी १९८८ साली अतिशुद्ध उत्पादन देणाऱ्या कॉलमचं उदाहरण घेतलं, त्यात तो सुमारे ३५ आहे. तिथे चारपैकी एकाच गेनमध्ये ३५ वा हिस्सा, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी, चूक झाली तरी डीकपलरचा सगळा हिशेब कोसळू शकतो. वुड-बेरी कॉलमवर तेवढं बिघडायला एखादा गेन निम्म्याने चुकावा लागतो. प्रत्यक्ष प्लांटमधले व्हॉल्व्ह ३ टक्क्यांइतके अचूक क्वचितच वागतात. त्यामुळे २ असेल तर डीकपलर जरूर बसवावा. ३५ असेल तर दोन्ही बाजूंचा डीकपलर बसवू नये. तिथे अधिक महत्त्वाची शुद्धता निवडून तेवढीच घट्ट धरावी आणि दुसरा लूप संथ ठेवावा.